लहानपणापासूनची ओढ

"तुमचं बालपण फारच धावपळीचं गेलेलं दिसतं," मॅडम म्हणाल्या.

धाकट्याला वाटलं, मुलाखतीची सुरुवात तर प्रेमाने झाली. तो विनयाने हसला. मग मॅडमनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि ते हसू जागच्या जागी थिजलं.

पडद्यावर त्याचेच अर्ज होते, वेगवेगळ्या कंपन्यांना पाठवलेले. 'लहानपणापासूनच मला शीतगृहांविषयी विशेष ओढ आहे.' 'लहानपणापासूनच मला रुग्णालयाच्या चादरींविषयी विशेष ओढ आहे.' त्याखाली लिफ्ट. त्याखाली कुंपणाच्या तारा. त्याखाली माशांचं खाद्य.

"या सगळ्या कंपन्या माणसं आमच्यामार्फत घेतात. सगळे अर्ज मीच वाचते," मॅडम म्हणाल्या. "चादरींपर्यंत मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता."

हा मजकूर दाजींचा होता. दाजी म्हणजे ताईचा नवरा. त्यांनी आयुष्यात एकच अर्ज केला होता आणि त्यावर नोकरीही मिळवली होती, त्यामुळे घरात ते या विषयातले जाणकार मानले जात. "मजकुरात जागा रिकामी ठेव, धंद्याचं नाव भर, पाठव," असा त्यांचा मंत्र होता. कामाला होता ते फर्निचरचं दुकान बंद पडल्यापासून धाकटा त्यांच्या सोफ्यावर झोपत होता आणि इमानेइतबारे नावं भरत होता.

आता सोमवारपर्यंत काही जमलं नाही, तर मामाच्या गोदामात जायचं ठरलं होतं. राहायचंही तिथेच. मामाकडे फक्त झाकणं होती. बरण्या दुसरा कोणीतरी बनवायचा, आणि त्याच्याशी मामाचं वर्षानुवर्षं वाकडं होतं.

"मग मला बोलावलंत कशाला?" धाकट्याने विचारलं.

"या ओळीसाठी." मॅडमनी पडद्यावर बोट टेकवलं. "'ग्राहकाचे कपाट अडकल्याच्या प्रसंगी परिस्थिती हाताळली.' अख्ख्या अर्जात एवढीच गोष्ट खरी वाटते. काय झालं होतं?"

धाकट्याने सांगितलं. एका निवृत्त मास्तरांचं कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकलं की वर जाईना, खाली येईना. मास्तर वरच्या बाजूला. खाली उतरायची वाट बंद. धाकटा दुकानात फोनवर. त्याने मास्तरांना बोलतं ठेवलं, सुतार शोधला, त्याच गाडीतलं पुढच्या घरांचं सामान दुसऱ्या गाडीवर टाकलं, आणि संध्याकाळी कपाटांवर गुंडाळायच्या गोधड्या परत आल्या तेव्हा मळलेल्या वेगळ्या काढून ठेवल्या.

"हे सगळं तुम्ही 'परिस्थिती हाताळली' या दोन शब्दांत कोंबलंत?"

"दाजी म्हणाले, अर्ज छोटा हवा."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "तीन जागा शिल्लक आहेत. शीतगृह, चादरी, लिफ्ट. पाच वाजता मी नावं पुढे पाठवते. बाहेर बसा आणि तिन्ही पुन्हा लिहा. कुठे काम केलं, कधीपासून येऊ शकता, हे तेच राहू दे, ते बदलून कोणाचं भलं होत नाही. पण सुरुवात अशी हवी, की चुकून दुसऱ्या कंपनीला गेली तर तिथे तिचा काडीचा उपयोग होऊ नये. आणि बालपण मधे आणू नका."

बाहेरच्या बाकावर धाकट्याने फोन मांडीवर घेतला. पहिलं वाक्य लिहिलं: 'आपल्या नामांकित संस्थेत...' आणि खोडलं. शीतगृहही नामांकित, लिफ्टही नामांकित. मामाचं गोदामसुद्धा झाकणांच्या जगात नामांकित होतं.

मग त्याने जाहिराती नीट वाचल्या. हे त्याने आजवर केलंच नव्हतं. फक्त नाव उचलायचा. शीतगृहाला गाड्यांच्या वेळा सांभाळणारा हवा होता. चादरी धुणाऱ्या लाँड्रीला मळलेलं आणि धुतलेलं कुठेही एकत्र येऊ न देणारा. आणि लिफ्टवाल्यांना तक्रारीच्या फोनवर बसणारा, 'घाबरलेल्या माणसाशी नीट बोलता येणं आवश्यक.'

कपाट एकच होतं. पण शीतगृहाला त्यातली गाडी हवी होती, लाँड्रीला गोधड्या आणि लिफ्टला मास्तर.

तो लिहीत सुटला. मधेच मामाचा फोन आला, त्याने कापला. परत आला; परत कापला. शेवटी ताईला फोन लावून त्याने तिन्ही मजकूर घाईघाईने वाचून दाखवले.

"थांब थांब," ताई ओरडली. "तू चादरींना 'दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या' का म्हणतोयस?"

धाकट्याने मजकूर पुन्हा पाहिला. लिफ्टची ओळ कापून चादरींत चिकटवताना शेपूट तसंच राहिलं होतं. "ताई, तू नसतीस तर..."

"तर तुला झोपायला सोफाही मिळाला नसता. पाठव आता!"

पाचाच्या ठोक्याला जेमतेम तिन्ही गेले. मॅडमनी ते वाचले, चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुढे पाठवले आणि म्हणाल्या, "बसा. आजच काय ते कळेल."

शीतगृहाचं उत्तर लगेच आलं: जागा भरली. लाँड्रीचं त्यामागोमाग: अनुभव कमी पडतो. धाकटा फरशीकडे बघत बसला. त्याच्या डोळ्यांसमोर झाकणं यायला लागली. गोल. अंतापर्यंत गोल.

फोन वाजला. मामा असणार म्हणून तो कापणारच होता, पण नंबर अनोळखी होता.

"कपाटवाले का?" एक जाड आवाज. "मी लिफ्ट कंपनीचा मालक. लिफ्टमधे अडकलोय. बोला."

परीक्षा! धाकटा ताठ झाला. तोंडात आपोआप आलं, 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा...' त्याने ते गिळलं. ते कोणालाही चाललं असतं.

"आत दिवा आहे का? कितवा मजला दाखवतंय?"

"दिवा आहे. चार दाखवतंय. पण पाचही अर्धा दिसतोय."

"दरवाज्याला हात लावू नका. कोणी सोबत आहे?"

"मेकॅनिक आहे."

"मग छान! तो..."

"तोही आतच आहे हो!" आवाज चिरका झाला. "ही परीक्षा नाहीये! तुमचा अर्ज वाचत वर चाललो होतो, धक्का बसला आणि बंद. तक्रारीचा फोन वाजतोय, पण उचलायला माणूसच नाही. तीच तर जागा रिकामी आहे! समोर फक्त तुमचा नंबर होता!"

धाकटा उठून मॅडमच्या केबिनमधे घुसला आणि न विचारता त्यांच्या टेबलावरचा फोन ओढला. आतल्या मेकॅनिककडून दुसऱ्या मेकॅनिकचा नंबर घेतला. एका कानाला मालक, दुसऱ्या कानाला बाहेरचा मेकॅनिक.

"गुदमरायला होतंय," मालक म्हणाला.

"वरच्या जाळीतून हवा येते, तुमच्या मेकॅनिकला विचारा. खाली बसा. माणूस निघालाय, पण रस्त्यात गर्दी आहे. लगेच पोचेल असं खोटं सांगत नाही."

मालक खाली बसल्याचा आवाज आला. "मास्तरांशी असंच बोललात?"

"मास्तर माझं व्याकरण तपासत होते. तुम्ही बरे आहात."

मॅडम हाताची घडी घालून बघत होत्या. मालकाचा श्वास कधी चढत होता, कधी उतरत होता, आणि तो चढला की धाकटा त्याला काहीतरी विचारत होता: बूट कुठले, घरी कोण, लिफ्टचा धंदाच का. ("लहानपणापासून ओढ होती," मालक म्हणाला. मॅडमनी मान फिरवली.) अखेर लोखंडाचा मोठा आवाज झाला, काहीतरी हळूहळू खाली सरकलं, आणि दोन माणसं एकदम "आलो, आलो!" म्हणाली.

धाकट्याने मॅडमचा फोन जागेवर ठेवला.

"ऐका," मालक धापा टाकत म्हणाला. "सोमवारी सकाळी या. पाचवा मजला."

"येतो, सर."

"आणि जिन्याने या."