खण कुठल्या गटातला?

चुकलं की माझी जान्हवी लगेच सोडून देते, शाळेतही. म्हणून मी रोज तिच्यासोबत फोनवरचं हे कोडं सोडवते: सोळा शब्द, चार-चारचे चार गट. आज आम्ही तीनदा चुकलो होतो. चौथ्या चुकीला खेळ खल्लास. फळं, मसाले, धान्यं, तिन्हींत पाच-पाच शब्द बसत होते आणि खण एकटाच उरत होता.

"सोड ना मम्मी, वाट लागली."

"थांब गं. खण कुठे बघितलास?"

"आजी ओटी भरते, त्यात... अगं, त्यात नारळपण असतो! हळद, तांदूळ!"

फळांतला नारळ, मसाल्यांतली हळद, धान्यांतला तांदूळ तिनेच खणाशेजारी निवडले. बाकी सगळीकडे चारच उरले.

"आणि चुकलं तर?" मी घाबरत विचारलं.

"तर उद्या परत," म्हणत तिने बटण दाबलं. बरोबर आलं.