खोल वात परवा

जेऊरला भावाचं लग्न उरकून मी शनिवारी सकाळी कामावर परतले, बायकांच्या वॉर्डात शिरले, तेव्हा चौथ्या खाटेपाशी वास येत होता. खाटेवर केराबाई होती, कुंभारी गावची, मेंढरं राखणारी. सोमवारी डॉक्टरांनी तिच्या मांडीतलं गळू फोडलं होतं, तेव्हा मी इथंच होते. आता ती तापाने फणफणलेली, पाय सुजून टम्म. वरची पट्टी रोज बदलली होती, अगदी स्वच्छ. मी जखम दाबली तशी ती कळवळली आणि आतून पू आला.

मी तिला विचारलं, आतली वात कधी काढली? जखमेत पू साचू नये म्हणून औषधात भिजवलेल्या कापडाची वात घालतात, ती डॉक्टर सांगतील त्या दिवशी ओढून काढायची असते. केराबाई म्हणाली, "रोज इचारते की बाई. रोज परवा म्हणत्यात. त्ये परवा काय येतच न्हाय."

मी वही उघडली. पाळी बदलताना एक नर्स दुसरीसाठी जी टिपणं लिहून ठेवते, ती वही. सोमवारी दिवसपाळीच्या अक्कम्माने लिहिलं होतं : 'केराबाई. खोल वात परवा. बाकी नेहमीप्रमाणे.' मंगळवारी तेच. बुधवारी तेच. शुक्रवारपर्यंत तेच, वेगवेगळ्या सुबक अक्षरांत. आमच्याकडे चालच तशी, आधीचं टिपण बघायचं आणि खाली उतरवून काढायचं. टिपणासाठी खाटेपाशी जायचं कारणच काय? माझं डोकं असं फिरलं की वही भिरकावून द्यावीशी वाटली.

डॉक्टर आले, जखम पुन्हा उघडली. वातीचं टोक आत सरकलं होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही. कुजकं कापड बाहेर आलं. नवी वात घालून ते म्हणाले, ही सोमवारी सकाळी निघालीच पाहिजे. पुन्हा अशीच आत राहिली तर पाय कापावा लागेल, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब.

डॉक्टरांच्या शेजारी आमच्या मोठ्या बाई, बनाबाई, उभ्या होत्या. नर्सांचा सगळा कारभार त्यांच्या हाती. संध्याकाळी पाळी बदलताना त्यांनी अक्कम्मा आणि दानम्मा दोघींना उभं करून झाडलं, जास्त करून दानम्माला, कारण रात्रीची पाळी तिची. ती खाली मान घालून उभी. मग त्यांनी संध्याकाळचं टिपण स्वतः लिहायला घेतलं, शिकवण म्हणून. मी मागून वाचलं : 'केराबाई. खोल वात परवा.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळीच पाय कापण्याची भाषा कानांनी ऐकलेली बाई हे लिहिते. मी वही त्यांच्या हाताखालून ओढली. आयुष्यात असं कधी केलं नव्हतं, आणि केल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. आधी दानम्माला बाहेर पाठवून अक्कम्माला विचारलं, सोमवारचं हे वाचून सांग, वातीचं काय? ती म्हणाली, काढायची आहे, दोन दिवसांनी. मग दानम्माला आत बोलावलं आणि तेच विचारलं.

"काढली की परवा," दानम्मा म्हणाली. "मी तसंच वाचलं. झालेलं कळवलंय म्हणून."

मी बनाबाईंकडे वळले. म्हटलं, परवा मागचाही असतो आणि पुढचाही, आणि रोज उतरवून काढला तर कधीच येत नाही. सुबक अक्षराचं कौतुक तुम्हाला, पाय मात्र केराबाईचा. त्यांनी डोळे वटारले, पण वही परत मागितली नाही.

मी नवं पान घेतलं. सगळ्यांत वर, लाल शाईने लिहिलं : 'राहिलेलं काम. खाट चौथी, केराबाई. उजव्या मांडीत खोल वात एक, आत आहे. सोमवारी सकाळी काढायची आहे. थंडी वाजली, ताप चढला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.' झालेलं काम खाली, वेगळं, काळ्या शाईत. 'परवा' आणि 'नेहमीप्रमाणे' हे दोन शब्द वहीतून हद्दपार. जिने काम केलं तिनेच लाल ओळ खोडून सही करायची. जाणारीने आणि येणारीने मिळून खाटेपाशी उभं राहून टिपण मोठ्याने वाचायचं आणि डोळ्यांनी बघायचं. जुनं बघून नवं लिहिलेलं दिसलं तर मी पान फाडेन, असंही सांगितलं.

अक्कम्मा कुरकुरली, उभ्या उभ्या पाय दुखतात. मी तिला केराबाईच्या पायाकडे बघायला सांगितलं.

सोमवारी सकाळी दोघींनी चौथ्या खाटेपाशी ते वाचलं. दानम्माने वात ओढली, सबंध निघाली का ते अक्कम्माला दाखवलं, लाल ओळ खोडली आणि सही केली. ताप उतरत होता. पायाबद्दल डॉक्टर अजून काही बोलले नव्हते, पण त्यांचा चेहरा निवळला होता.

केराबाईने विचारलं, मी घरी कवा जाणार? सवयीने दानम्माच्या तोंडून निघालं, "परवा बघू."

केराबाईने तिचा हात घट्ट धरला.

"परवा न्हाय," ती म्हणाली. "वार सांगा."