पंधरा मिनिटं आधी

डेपोत त्याला सगळे घड्याळमास्तर म्हणत. हे नाव कौतुकाने पडलंय असा त्याचा बरीच वर्षं समज होता. कंडक्टरच्या नोकरीत बढती क्वचित आणि शाबासकी त्याहून क्वचित, त्यामुळे मिळेल ते नाव पदक समजून छातीवर लावायची त्याला सवयच लागली होती.

अठ्ठावीस तारखेला पगारपत्रक हाती पडलं, तेव्हा त्याने ते खिडकीशी उभं राहून वाचलं. मूळ पगार ठरलेला, तो जागच्या जागी. फेरीभत्ता, दोन हजार सोळा. त्याखाली 'ब्रोकन ड्यूटी भत्ता' अशी ओळ होती आणि तिच्यासमोर एक आडवी रेघ.

त्याने पत्रक उलटं करून पाहिलं. मागे काहीच नव्हतं. कागद कोराच असणार हे ठाऊक असूनही माणूस मागची बाजू बघतोच.

या रेघेवर त्याची घरातली पत टांगली होती. बायकोला शिवणाच्या कारखान्यात तीन ते सातचं काम मिळत होतं, महिना चार हजार. अडचण एकच. कंबरेचं हाड मोडल्यापासून आईला एकटं ठेवता येत नव्हतं. त्याची पाळी तेव्हा सरळ होती, पावणेसहा ते पावणेदोन. सव्वादोनला तो घरी असायचा. काम अगदी जुळून आलं होतं. पण बायकोने बाहेर पडायचं आणि आपण आईच्या खाटेशी बसून मटार सोलायचे, हे चित्र काही त्याच्या गळी उतरेना. तसं सरळ म्हणायचीही हिंमत नव्हती. मग त्याने हिशोबाचा आधार घेतला.

"अगं, त्यापेक्षा मी ब्रोकन ड्यूटी घेतो," तो म्हणाला होता. "सकाळी पावणेसहा ते सव्वादहा, मग दीड ते पाच. मधे तीन तासांच्या वर खंड पडला की दिवसाला पन्नास जास्त. चोवीस दिवसांचे बाराशे! तू कशाला दगदग करतेस?"

"बाराशे म्हणजे चार हजार नव्हेत."

"पण बसल्या जागी!"

"मोडकी पाळी म्हणतात ती हीच का रे?" आईने खाटेवरून विचारलं होतं. "माझं हाड मोडलं तर मला कुणी काही दिलं नाही."

शेवटी बायको एवढंच म्हणाली, "एक महिना बघू. पत्रकावर बाराशे दिसले तर मी गप्प बसेन. नाही दिसले तर तुम्ही. कारखान्यातल्या बाई एक तारखेपर्यंत थांबतील."

सरळ पाळी त्याने एका सहकाऱ्याला अदलाबदलीने देऊन टाकली. अदलाबदल महिनाअखेरीला आपोआप संपायची. पुढे चालवायची तर दोघांच्या सह्यांचा अर्ज. त्याचा अर्ज भरून तयार होता, खिशात, सहीसकट.

तो टाइमकीपरच्या टेबलाशी गेला. त्याच्याच गाडीचा ड्रायव्हर तिथे आधीच उभा होता, पत्रक हलवत वारा घेत.

"मास्तर, बाराशे आले हो! या महिन्यात बूट घेतो."

"तुला आले?" घड्याळमास्तरचा आवाज चिरकला. "तुला? गाडी एक, पाळी एक, मग माझे कुठे गेले?"

टाइमकीपरबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि हजेरीवही पुढे ओढली. त्यांनी त्याच्या ओळीवर पट्टी ठेवली.

"वाचा."

"पहिला भाग संपल्याची सही, दहा पंचवीस," त्याने वाचलं. "दुसऱ्या भागाची, एक पंधरा."

"मधे किती?"

"दोन तास पन्नास."

"नियम?"

"पुरे तीन तास," तो म्हणाला. हा नियम तोच नव्या कंडक्टरांना शिकवायचा.

"ह्यांची बघा. दहा बाराला बाहेर, एक एकतीसला धापा टाकत आत. खंड वहीतल्या सह्यांवरून धरतात, वेळापत्रकावरून नाही. चोवीस दिवस मास्तर, एकही दिवस सोडला नाहीत तुम्ही!"

सव्वादहापर्यंत पैसे भरून मोकळं होता येत होतं. पण त्याला नाण्यांच्या चळती एकसारख्या उंचीच्या लागत आणि तिकिटांच्या हिशोबाच्या वेबिलावरचे आकडे मोत्यासारखे. त्यात दहा मिनिटं जायची. आणि दुपारी पंधरा मिनिटं आधी येणं, हे तर त्याचं व्रतच होतं. रोज सव्वाएकला तो रुबाबात सही करायचा आणि रिकाम्या बाकावर बसून, उशिरा येणाऱ्यांकडे कीव आल्यासारखा बघायचा. कीव करण्याचे दिवसाला पन्नास पडत होते.

"म्हणजे आम्हाला उशिराचं बक्षीस!" ड्रायव्हर हसत सुटला.

"पुढच्या महिन्यापासून वेळेवर या," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन स्वतःच हसल्या. "म्हणजे, फार वेळेवर येऊ नका. पैसे मिळतील. अर्ज आणलाय ना मुदतवाढीचा?"

खिशात हात गेला. आणि तिथेच थांबला.

"उद्या देतो," तो म्हणाला.

घरी जाताना त्याने तीन थापा रचल्या. भत्ता पुढच्या पत्रकात येतो. कारकुनाची चूक झाली. नियम बदलला. तिसरी त्यातल्या त्यात बरी वाटत होती, तेवढ्यात त्याची नजर पुन्हा फेरीभत्त्यावर गेली. दोन हजार सोळा. सरळ पाळीत दिवसाला आठ फेऱ्या व्हायच्या, मोडक्या पाळीत सातच. फेरीला बारा, चोवीस दिवस: दोनशे अठ्ठ्याऐंशी कमी. बाराशे मिळाले असते तरी हातात नऊशे बाराच राहिले असते. आयुष्यभर लोकांना सुटे मोजून दिले, पण वजाबाकी करायची राहूनच गेली.

तो दारात पोचताच आईने खाटेवरून विचारलं, "आले का बाराशे?"

बायको कणिक मळत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

तिसरी थाप ओठावर आली होती. तो खाली बसला, बूट काढले.

"नाही आले," तो म्हणाला. "मी रोज पंधरा मिनिटं आधी जात होतो. म्हणून."

मग त्याने सगळं सांगितलं, नाण्यांच्या चळतींसकट, ड्रायव्हरच्या बुटांसकट, दोनशे अठ्ठ्याऐंशींसकट. आई हसता हसता कंबर धरून "अगं आई गं" करायला लागली. "लहानपणी शाळेतही असाच जायचा गं हा! शिपायाच्या आधी! फाटकाला कुलूप!"

बायको हसली नाही. तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं.

"पुढच्या महिन्यात नीट गेलात तर मिळतील की," ती सावकाश म्हणाली.

दार उघडं होतं. इथून सुटता आलं असतं. त्याने खिशातला अर्ज काढला, घडी उलगडली आणि तिच्यापुढे ठेवला.

"हा दिला नाही की एक तारखेपासून माझी पाळी सरळ. सव्वादोनला घरी."

"आईंचं जेवण, औषध, फिरवणं?"

"करीन."

"मटार?"

तो चपापला. हे चित्र तो कधी मोठ्याने बोलला नव्हता, अशी त्याची समजूत होती.

"सोलीन," तो म्हणाला.

तिने हात पुसले, अर्ज पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं: औषध अडीचला, चहा चारला, फिरवणं पाचला. कागद भिंतीवरच्या खिळ्याला टोचला.

एक तारखेला ती पावणेतीनलाच पायात चपला घालून उभी राहिली. कारखाना पाच मिनिटांवर होता.

"अगं, एवढ्या लवकर?" तो मटाराचं ताट मांडीवर घेऊन ओरडला. "आधी त्यांचा नियम तरी विचार!"

ती केव्हाच जिना उतरली होती. आईने भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

"औषध अडीचला होतं," ती म्हणाली. "तुला आज पहिल्यांदाच उशीर झाला बघ. आता मागून घे पन्नास."