व्हॉल्व्हला कोणी हात लावला नव्हता

अरे, ऐका तर आधी, मग पाणी प्या! त्या दिवशी माझं डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही.

आमच्या टेस्ट शेडमधली ती नळी तुम्हाला सांगितलीये ना? सरळ, आखूड, आतून आरशासारखी गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच मापाची. एका बाजूने टाकीतली हवा व्हॉल्व्हमधून आत येते, मध्ये बर्नर, दुसऱ्या बाजूने गरम हवा बाहेर. व्हॉल्व्हवर असतात आमचे काका. माझे सख्खे नाहीत, सगळ्या शेडचे काका. चोवीस वर्षं तेच चाक फिरवतायत.

तर सोमवारी साहेब म्हणाले, इंधन वाढवा. वाढवलं. अजून वाढवा. वाढवलं. आणि मग हवेचा आकडा भराभर खाली. हवा कमी, इंधन तेवढंच, ज्वाळा मागे सरकली आणि बर्नरची कडी वितळून लोंबायला लागली. टेस्ट बंद.

दुसऱ्या दिवशी काकांच्या हातात पत्र. हलगर्जीपणा, चालू टेस्टमध्ये व्हॉल्व्ह फिरवला, खुलासा द्या, तोवर शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. चौकशी शुक्रवारी. निवृत्तीला अकरा महिने राहिलेल्या माणसाला! साहेबांचं म्हणणं काय, तर नळीचं माप बदललं नाही, आत बोळा कोणी कोंबला नाही, मग हवा कमी होईलच कशी? चाक फिरल्याशिवाय?

मी तिथेच फणफणत होते. पण खरी चीड पुढे आली. साहेबांनी ज्या तक्त्यावर बोट ठेवलं तो तक्ता कोणी केला होता? मी! त्यात इंधन वाढवलं की तापमान वाढतं, आणि हवा? हवेच्या रकान्यात मी एकच आकडा लिहून खालपर्यंत ओढला होता. म्हणजे आधीच ठरवून टाकलं की हवा बदलणार नाही.

घरी जाऊन नव्याने मांडलं. बघा, हवा तापली की फुगते. नळी तेवढीच, मग तेवढीच हवा जायची तर तिला जास्त जोरात पळायला हवं. अजून तापवा, अजून जोरात. आणि एका जागी ती बाहेरच्या तोंडाशी त्या तापलेल्या हवेतल्या आवाजाच्या वेगाला टेकते. संपलं! त्यापुढे नुसत्या उष्णतेने ती आवाजाला मागे टाकू शकत नाही. आणखी उष्णता ओतली की नळी गुदमरते, आणि तेवढीच हवा ढकलायला मागे, व्हॉल्व्हच्या बाजूला, दाब चढायला लागतो. तो व्हॉल्व्हच्या वरच्या, म्हणजे टाकीकडच्या, दाबाच्या साधारण निम्म्यापुढे गेला की व्हॉल्व्हमधून येणारी हवाच घटते. बोळा नको, चाक नको. साहेब म्हणतील घर्षण असेल, नळी नीट पुसली नसेल, म्हणून मी घर्षण शून्य धरलं. तरी गुदमरली.

पण हे झालं कागदावर. पुरावा कुठाय? मी काकांच्या घरी गेले. काकू दारातच म्हणाल्या की दोन दिवस हे जेवले नाहीत. आणि काकांनी शांतपणे एक वही काढली. व्हॉल्व्हच्या खालच्या, म्हणजे नळीकडच्या, बाजूला दाबाचं एक जुनं डायल आहे, कॉम्प्युटरला न जोडलेलं. काका दर मिनिटाला त्याचा आकडा पेन्सिलीने टिपतात, कोणी सांगितलेलं नसताना. सोमवारी हवा पडत होती त्याच मिनिटांत तो दाब चढत गेलेला!

अरे, चाक आवळलं असतं तर खालचा दाब उतरला असता ना!

शुक्रवारी चौकशी शेडमध्येच, सगळ्यांसमोर. मी काकांची वही साहेबांपुढे ठेवली आणि तक्ता माझाच चुकलाय हेही सांगितलं. साहेबांनी वही उलटसुलट चाळली आणि म्हणाले, “बरं, पत्र मागे घेऊ. काम सुरू करा.”

बस? एवढंच? चोवीस वर्षं चाक सांभाळणाऱ्या माणसाला दोषी ठरवून एवढंच? मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, “पोरी, थांब.” आणि साहेबांकडे वळून, अगदी हळू आवाजात, “साहेब, टेस्टच्या सूचना असतात त्या कार्डावर लिहा. इतकंच इंधन, पुढे नाही. आणि खाली तुमची सही. तोवर मी चाकाला हात लावणार नाही.”

साहेब म्हणाले, याची काय गरज आहे. काका स्टूल ओढून बसले. बर्नरवाला बसला, रीडिंगवाली बसली, मग मीही बसले. सगळी शेड बसली!

वीस मिनिटं, हां. मग साहेबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “आकडा किती?”

मी सांगितला. त्यांनी लिहिला, सही केली. माफी मात्र अजून मागितलेली नाही त्या माणसाने!