एक जूनवाल्या बायका

एक जूनला सकाळी केवळाबाईचा मोबाईल जो टणटण करायला लागला तो थांबायचं नाव घेईना. चहा होईस्तोवर एकेचाळीस मेसेज. चाकूरच्या त्या घरात तेवढी माणसं कधी लग्नाला आली नसतील!

"कोण मेलं का काय?" केवळाबाईनं चष्मा शोधत विचारलं.

"आई, वाढदिवस हाय तुमचा," सून आरती हसत म्हणाली. "हॅपी बर्थडे!"

झालं! केवळाबाईचं टाळकंच सणकलं. बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई ती. आवाज चढला की गल्लीतली पोरं अजूनही पाटी शोधायची. "कुणाचा वाढदिवस? माझा? माझी माय सांगायची, मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले, करीच्या दिवशी. बैलाच्या शिंगाचा रंग ओला होता म्हणे अजून. एक जून माझा न्हाई, त्या गुरुजीचा हाय!"

खरंच होतं ते. जूनमध्ये शाळा उघडायची, आईबापाला जन्मतारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. तारीख एकदा शाळेच्या दाखल्यावर चढली, तिथून आधारकार्डावर गेली, आता मोबाईलात जाऊन बसली. दर एक जूनला अर्ध्या गावाचा वाढदिवस, आणि सगळ्यांना तोच केक.

तोच म्हणजे अगदी तोच. केवळाबाईनं एकेक उघडून बघितलं. पुतण्यानं गुलाबी केक पाठवला होता. भाचीनंही गुलाबी केक. भावानं, सख्ख्या पाठच्या भावानं, ज्याचं नाक हिनं पदरानं पुसलं, त्यानंसुद्धा तोच गुलाबी केक धाडला होता, आणि वर बारीक अक्षरात बाण काढून लिहिलेलं होतं, 'फॉरवर्डेड'.

"हे काय गं? ह्या बाणाचा अर्थ काय?"

"म्हणजे मामांना कुणी तरी पाठवला, त्यांनी तुम्हाला ढकलला."

"उष्टा!" केवळाबाई कडाडली. "दुसऱ्यानं चाटलेला केक माझ्या ताटात! लाज कशी वाटत न्हाई? 'केवळाक्का, बरी हायस का,' एवढं चार शब्द लिहायला ह्यांची बोटं झडून राहिली का?"

आरतीनं आपला मोबाईल पालथा ठेवला. सकाळी तिनंही आपल्या माहेरच्या तिघींना तोच केक ढकलला होता, पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

केवळाबाईचा राग उगाच नव्हता. आत एक जुनं दुखणं होतं, आणि त्याचं नाव होतं बानो.

बानो म्हणजे चाकूरच्या मन्याराची पोर, बांगड्यांच्या दुकानातली. केवळा आणि बानो पहिलीपासून सातवीपर्यंत एका चटईवर बसल्या. पुढं बानो लग्न होऊन नांदेडला गेली, शिलाई मशीन घेतली, बायकांचे ब्लाऊज शिवून नाव काढलं. पण दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बानोचा फोन ठरलेला. आधी शेजारच्या दुकानातल्या फोनवर, मग मोबाईलवर. "केवळा, आज तू पैदा झालीस गं, गावाला त्रास द्यायला," असं म्हणून खदाखदा हसायची. जगात खरा वाढदिवस ठाऊक असलेली तेवढी एकच बाई उरली होती.

गेल्या पोळ्याच्या करीला तो फोन आला नाही. केवळाबाई दिवसभर मोबाईल पदरात बांधून बसली होती. दुसऱ्या दिवशीही नाही. मग हिचाही ताठा चढला. तिला गरज न्हाई तर मला तरी काय! नऊ महिने झाले, दोघींमध्ये शब्द नाही. केवळाबाई आरतीला सांगायची नाही, पण पाच वक्ताची अजान ऐकू आली की तिला नांदेडच आठवायचं.

"आरती," ती एकदम म्हणाली, "आज बानोचाबी वाढदिवस हाय. एक जून. मी तिला दर साली आजच्या दिवशी मुबारक म्हणते. आज असा मेसेज करायचा की बया वाचल्यावर फोन केल्याबिगर राहिली न्हाई पाहिजे."

आरतीनं लगेच मोबाईल घेतला. पोरगी हुशार, हात चपळ. पुतण्याचाच मेसेज धरला, कॉपी केला, नवीन चिकटवला, 'काकू' खोडून 'बानोमावशी' घातलं. "बघा आई, आता फॉरवर्डेड येत न्हाई वर. कॉपी केलं की बाण जातो."

केवळाबाईनं वाचलं. 'आदरणीय बानोमावशी, आपल्या कार्यास उत्तुंग यश लाभो, आई तुळजाभवानी आपणास उदंड आयुष्य देवो.' मागंपुढं चांदण्या, शेवटी तीन केक.

"बानोला मी आदरणीय म्हणणार? तिला वाटंल मी निवडणुकीला उभी राहिले! अन् उत्तुंग म्हणजे काय गं? माझ्या तोंडून तिनं कधी ऐकलंय का उत्तुंग? बाण गेला म्हणून चोरीचा माल आपला होतो व्हय?"

"मग एआयला सांगते. ते चांगलं लिहून देतं, मैत्रिणीसाठी म्हणून."

एआयनं क्षणात लिहून दिलं. मैत्रीचं रेशमी नातं, आठवणींचा सुगंध, काळाच्या ओघात न विरलेला स्नेह. वाचता वाचता केवळाबाईच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या. "ह्यात बानो कुठं हाय?" तिनं विचारलं. "हे तू तुझ्या मैत्रिणीला पाठवलंस तरी चालंल, अन् शेजारच्या नीलाबाईनं तिच्या मैत्रिणीला पाठवलं तरी चालंल. जे कुणालाबी चालतंय ते कुणाचंच नसतंय, एवढं कळत न्हाई त्या शहाण्याला?"

आता आरतीलाही राग आला. "मग तुम्हीच सांगा काय लिहायचं! मला काय ठाऊक तुमची बानो!"

तेव्हा केवळाबाई उंबऱ्यावर बसली आणि मोठ्यानं विचार करायला लागली. बानोला मी काय नावानं हाक मारायचे? बाने. मग बानेच लिही. तिला आणि मलाच ठाऊक असं काय आहे? पाचवीत दुकानातल्या हिरव्या बांगड्यांचा अख्खा जुडगा दोघींनी मिळून फोडला आणि आळ मांजरावर घातला. तिच्या बापानं मांजराला जेवू घातलं आणि आम्हा दोघींना उपाशी ठेवलं. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. ते लिही. आणि शेवटी काही तरी विचार, उत्तर द्यावंच लागेल असं. गुडघा कसा आहे, मशीन अजून पायानं मारतेस का पोरांनी मोटर बसवून दिली?

आरती लिहायला लागली. पण मधेच थांबली. "आई, हे तुमच्या आवाजातच पाठवा ना. तो माईक दाबून धरा अन् बोला. लिहिलेलं कुणी पण लिहितं, आवाज कसा उसना आणणार?"

त्या दिवसात पहिल्यांदा केवळाबाईला सून शहाणी वाटली.

पहिल्यांदा बोट लवकर सुटलं. दुसऱ्यांदा बाहेर भंगारवाल्याची गाडी ओरडत आली. तिसऱ्यांदा जमलं. "बाने, मी केवळा. मांजराची शप्पथ, खरं बोलून राहिले, नऊ महिने तुझ्यावर लई चिडून हाय मी. चिडले तरी जीव ऱ्हाईना. आज तुझा वाढदिवस, मुबारक हो गं. सगळं जग उष्टा केक वाटून राहिलंय, म्हटलं मी तसं करणार न्हाई. गुडघा कसा हाय? मशीन पायानंच मारतीस का अजून? बोल काही तरी."

गेला. पोचल्याच्या दोन खुणा उमटल्या. केवळाबाईची नजर मोबाईलवरून हलेना. भाकरी थापताना, भाजी हलवताना, एक डोळा तिकडंच. अकराच्या सुमाराला आवाजापुढचा माईक निळा झाला. "ऐकलं तिनं," आरती म्हणाली. केवळाबाईनं पीठभरल्या हातानं मोबाईल उचलला. मनात म्हणाली, आता येतोच फोन. असा मेसेज कुणाच्या बापानं केला नसंल!

फोन नाही आला. वीस मिनिटांनी आवाज आला, बानोचा.

"केवळा. गुडघा दुखतो. मशीनला पोरानं, फरहाननं मोटर लावून दिली. लई चांगलं बोललीस तू, ऐकून मला रडू आलं, झूट न्हाई बोलत. पण आज माझा वाढदिवस न्हाई."

केवळाबाईनं मोबाईल कानाशी नेला.

"एक जून गुरुजीनं लिहिला, तुझा तसा माझा. तू साऱ्या जगावर चिडतीस, माझा खरा दिवस कुणाला ठाऊक न्हाई म्हणून. मी तुझी कर चाळीस साल पाळली. मला कधी विचारलंस का, बाने, तू कधीची? गेल्या पोळ्याला फोन हातात घेतला होता मी. मग वाटलं, मीच का दर साली? ठेवून दिला."

आवाज संपला. 

केवळाबाईचा राग गेला नाही. तो आता तिच्या स्वतःवरच उलटला. सकाळपासून भावाला, पुतण्याला, सुनेला, एआयला, सगळ्यांना झोडपलं. आणि आपण? आपण चाळीस वर्षं गुरुजीच्या रजिस्टरातली तारीख उचलून बानोच्या माथी मारत आलो. भावानं एक दिवस उष्टा केक पाठवला. आपण चाळीस पाठवले, तेही वाजतगाजत, स्वतःच्या आवाजात! स्वतःची तारीख खोटी हे पहिलीपासून ठाऊक, आणि शेजारी बसलेल्या पोरीची तेवढी खरी असेल असं आपण धरून चाललो. कानशिलं तापली तिची. दुसऱ्या कुणाची चूक असती तर तिनं त्याला सोडलं नसतं, पण इथं दुसरं कुणीच नव्हतं.

"मेसेज लिहायचा का आई?" आरतीनं हळूच विचारलं. "सॉरी म्हणून?"

"मेसेज गेला खड्ड्यात," केवळाबाई म्हणाली. "फोन लाव."

एका रिंगमध्ये उचलला गेला.  मागं शिलाई मशीनची मोटर बंद होताना घरघरली.

सकाळी जुळवलेलं एकही वाक्य केवळाबाईला आठवेना. "बाने," ती म्हणाली, "मी लई नालायक हाय गं."

"हौ, हाईस," बानो म्हणाली. "पुढं बोल."

"तू कधीची गं? खरी?"

 मग बानोचा आवाज आला, जरा फाटलेला, जरा हसरा, आणि भांडायच्या तयारीतला. "कुंड्याच्या नियाजची, खीर-पुरीच्या सणाची. आमच्या रजब महिन्याच्या बावीसला. अम्मी पुऱ्या तळत होती, तेव्हाच पोटात कळा आल्या तिच्या. दर साली त्या दिवशी तू आमच्या घरी मांडी घालून बसायचीस. खीर-पुरी खायचीस. माझ्या अंगावर नवा फ्रॉक असायचा, केवळा. सात साल. सातही साल तू म्हणालीस, पुरी आणखी एक दे."