पाण्याचा थेंबही लागला नाही

फोन फुगलाय हे मला आधी कळलंच नाही. मागचं झाकण एका बाजूनं उचललंय आणि फोन टेबलावर ठेवला की डुलतो, एवढं दिसत होतं. दोन दिवस मी त्याला अंगठ्यानं दाबून बसवत राहिले. मग अंगणवाडीत एका बाईच्या चेहऱ्याचा फोटो काढताना फोन हाताला पोळला, आणि काचेच्या कडेतून आतला उजेड दिसायला लागला.

मी दैवशाला, भूम तालुक्यातल्या ईट गावात अंगणवाडी सेविका आहे. आता घरपोच शिधा द्यायचा तर आधी बाईचा चेहरा फोनमध्ये जुळावा लागतो. चेहरा जुळला नाही तर पिशवी द्यायची नाही. सरकारी फोननं कधीच मान टाकली होती, म्हणून गेल्या घटस्थापनेला मी माझा स्वतःचा घेतला. घरातला दुसरा फोन म्हणजे मालकांचा बटणांचा, आणि तो त्यांच्याबरोबर मेंढरांमागं रानात. महिना संपायला नऊ दिवस होते आणि तेवीस बायकांची पिशवी द्यायची राहिली होती. त्यातल्या चार पोटुशी. फोन बंद पडला तर पर्यवेक्षिका बाई मला विचारतील, ते मी ऐकून घेईन. पण त्या चौघींना काय सांगणार?

फोन बंद करून मी अंगणात, घरापासून लांब, वाळूच्या घमेल्यात ठेवला. बॅटरी फुटून पेट घेते असं मी ऐकलं होतं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, सांगितलं की त्या बाजूला जायचं नाही. त्या बिचाऱ्या कोंबड्यांनाही तिकडून हाकलत बसल्या.

बिल काढून बघितलं तर वॉरंटी संपायला अकरा दिवस. तशीच, फोन कापडात गुंडाळून, ई-सेवा केंद्रात गेले. तिथल्या शिवरंजनीनं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता शोधला आणि माझ्या मेलवरून लिहायला बसली. फोनचा आयएमईआय नंबर बिलावर होता, खरेदीची तारीख होती, फुगलेल्या कडेचा फोटो तिनं तिच्या फोनवर काढला. बॅटरी वॉरंटीत फुगली आहे, ती विनामूल्य बदलून मिळावी, असं लिहून झालं. मग तिनं विचारलं, पाण्याबिण्यात पडला नव्हता ना?

मला खंडेनवमी आठवली. फोन घेऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. आत्यांनी पाटावर कोयता, कुऱ्हाड, मेंढरांची कातर मांडली आणि त्यांच्या शेजारी माझा फोन. मी अंगणवाडीतली खिचडी शिजवून घरी आले तोवर सगळं उरकलं होतं. काचेवर हळदीकुंकवाची बोटं, त्यावर शिंपडलेलं पाणी आणि कडेनं लाल ओघळ. मी फोन पदरानं पुसला आणि जरा फणकाऱ्यानंच बोलले. आत्या म्हणाल्या होत्या, हे तुझं हत्यारच की.

शिवरंजनीला मी हे सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. पाण्याचं नाव काढलं की वॉरंटी गेली समजा, म्हणाली. मग मीच सांगितलं, लिही: "फोनला पाण्याचा थेंबही लागला नाही." मेल पाठवला.

मी स्वतःला समजावलं की हे आत्यांसाठी केलं. चुलत जाऊ एकदा बोलून गेली होती, म्हातारीचा हात लागला की वस्तू मोडते. तेव्हापासून आत्या गॅसच्या शेगडीलाही हात लावत नाहीत, चूल पेटवतात; मीही त्यांना कधी शेगडी लावा म्हटलं नाही. त्यांच्या पूजेनं फोन बिघडला हे त्यांच्या कानावर जायला नको. पण खरं सांगायचं तर, लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं आत्या नव्हत्या, बॅटरी होती.

त्यानंतर तासातासाला मी केंद्रात जाऊन मेल उघडायला लावायची. पी हळद अन् हो गोरी असं कुठं असतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. फोन चार्जिंगला लावू नका, धाराशिवच्या केंद्रात बिलासह आणा. पाणी किंवा मार लागल्याचं आढळलं नाही तर बॅटरी मोफत बदलू.

सकाळच्या एसटीनं निघाले तर आत्या लुगडं बदलून दारात उभ्या. असली चीज घेऊन एकटीनं जाऊ नये, म्हणाल्या. मला त्या नको होत्या. तिथं पाण्याचं विचारणार आणि ह्या शेजारी बसणार. पण वयस्क माणसाला नाही कसं म्हणायचं? कागदात गुंडाळलेला फोन कापडी पिशवीत घालून मी ती पिशवी भूमपासून धाराशिवपर्यंत हातात धरून बसले, मांडीवर ठेवायची छाती झाली नाही. येडशीच्या वळणांवर गाडी हेलकावली की मी पिशवीला हात लावून बघायची, गरम झाली का. आत्या खिडकीबाहेर बघत तोंडातल्या तोंडात तुळजाभवानीचं नाव घेत होत्या.

सर्व्हिस सेंटरमध्ये गौरीशंकर नावाचा पोरगेला कारागीर होता, बोलायला मऊ. त्यानं बिल बघितलं, जॉबशीट भरली, फोनमधल्या माहितीची जबाबदारी माझी म्हणून सही घेतली. मग सिमचा कप्पा पिनेनं बाहेर काढला आणि आत उजेड मारून बराच वेळ बघत राहिला.

त्यानं मला जवळ बोलावून दाखवलं. आत एक चिमुकली चिकटपट्टी असते, पांढरी. पाणी लागलं की ती लाल होते. माझी लालभडक होती. त्यानं तिचा फोटो काढला आणि जॉबशीटवर लिहायला लागला. पाणी गेलेलं आहे, वॉरंटीत बसत नाही, म्हणाला. बॅटरी बदलून देतो, पण तुमच्या खर्चानं, आणि आमच्याकडं ती शिल्लक नाही, मागवायला पंधरा दिवस लागतील.

पंधरा दिवस म्हणजे पुढचा महिना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तरी मी ताठ राहिले. मेलमध्ये लिहिलंय ना, थेंबही लागला नाही, असं मी त्याला सांगितलं. माझा आवाज चढला, बाकावरची माणसं बघायला लागली. तुमची पट्टीच खोटी असेल, असंही म्हणाले. तो बिचारा मान खाली घालून लिहीत राहिला.

तेवढ्यात आत्या उठल्या. काउंटरला दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "लेकरा, पाणी म्या शिंपडलं. कुकू बी म्याच लावलं. खंडेनवमीला."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गौरीशंकरनं पेन खाली ठेवलं. त्यानं आत्यांना नीट विचारलं, किती पाणी, कुठल्या बाजूला, कुंकू ओलं होतं का. आत्यांनी सगळं सांगितलं. विड्याच्या पानानं चार शिंतोडे, हळदीकुंकू ओलं कालवलेलं, फोन उभा ठेवलेला. त्यानं कापसाला कसलंसं औषध लावून सिमचा कप्पा पुसला. कापूस लाल झाला.

ही बाहेरची पट्टी, तो म्हणाला. हिला कुंकवानंही लाल केलं असेल, पाण्यानंही. पण आत, बॅटरीपाशी आणि बोर्डावर आणखी दोन असतात. त्या पांढऱ्या असतील तर पाणी आत पोचलंच नाही, आणि बॅटरी फुगली ती तिच्याच दोषानं. बघायचं तर फोन उघडावा लागेल. फुगलेली बॅटरी सोडवताना काच तडकली तर मात्र ती तुमच्या माथी. मंजूर असेल तर सही करा, म्हणाला.

काच तडकली तर फोनच गेला. आतल्या पट्ट्या लाल निघाल्या तरी गेला. तरी मी सही केली.

तो फोन घेऊन काचेच्या पलीकडं गेला. झाकणाला ऊब देताना दिसत होता, मग पाठ करून वाकला आणि काही दिसेना. आम्ही बाकावर बसलो. आत्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू माझं नाव का दडवलंस? म्या काय चोरी केल्ती?"

मी म्हणाले, "तुम्हाला कुणी बोलू नये म्हणून, आत्या."

"बोलू दे की," त्या म्हणाल्या. "तुझी जाऊ बोलली तवा दुखलं. पर आज जास्त दुखलं. म्या तुझ्या भल्यासाठी पुजलं, अन् तू ते झाकून ठिवलंस. जसं काय लाजंचं काम."

डोळे भरून आले आणि स्वतःचा राग आला. वर्षभर मी त्यांना शेगडीपासून जपत होते असं मला वाटत होतं. जाऊ एकदा बोलली, मी तर रोज गप्प बसून तेच म्हणत होते.

अर्ध्या तासानं गौरीशंकर बाहेर आला. काच शाबूत होती. आतल्या दोन्ही पट्ट्या पांढऱ्याशुभ्र, त्यानं फोटो दाखवले. पण लाल पट्टीचा फोटो आधीच कंपनीकडं गेला होता आणि माझ्या मेलमध्ये थेंबही लागला नाही असं होतं. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून वरच्यांची मंजुरी लागेल, म्हणाला. तुम्ही खरं काय ते मेलवर लिहा, मी हे फोटो जोडतो.

त्याच्याच संगणकावर बसून मी एकेक अक्षर शोधत लिहिलं.

"माझ्या पहिल्या मेलमधली पाण्याविषयीची ओळ खोटी होती, ती मी मागं घेते. फोन घेतल्यावर नवव्या दिवशी माझ्या सासूबाई गजराबाई यांनी खंडेनवमीची पूजा करताना फोनवर विड्याच्या पानानं पाणी शिंपडलं आणि ओलं कुंकू लावलं. बाहेरची पट्टी त्यानं लाल झाली. आत पाणी गेलेलं नाही, सोबत फोटो आहेत. बॅटरी वॉरंटीत फुगली आहे. ती विनामूल्य बदलून द्यावी, ही विनंती."

आत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी आपलं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं.

फोन तिथंच ठेवून आम्ही परतलो. दोन दिवस मी नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी शिवरंजनीनं अंगणवाडीत निरोप धाडला. मंजूर. पैसे लागणार नाहीत. बॅटरी सोलापूरहून दुसऱ्या केंद्रातली आणतायत, परवा फोन न्या. महिना संपायला दोन दिवस उरणार होते, तेवीस बायका होऊन जातील.

घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"खरं लिवलं म्हणून दिली व्हय?" त्यांनी विचारलं.

पट्ट्या पांढऱ्या होत्या म्हणून दिली, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण आत्या उठून बोलल्या नसत्या तर तो फोन कुणी उघडलाच नसता. मी माझं तेच धरून भांडत बसले असते आणि रिकाम्या हातानं परतले असते.

"व्हय आत्या," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं म्हणून दिली."