मी न मागितलेली रात्रपाळी

"तुला कुणी ओरडणार नाही, भार्गवी. कामावरूनही काढणार नाहीत. फक्त तुझ्या वेळा हलतील. तेवढ्यावर लक्ष ठेव."

मी तक्रार दिली त्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या संयोगिता सिस्टर मला जिन्यात गाठून हे म्हणाल्या. मी हसले. "आता समितीपुढं प्रकरण आहे, सिस्टर. हात लावायची हिंमत कोण करतंय?"

कराडच्या एका खाजगी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन. तक्रार होती लॅबचे इन्चार्ज वीरधवल सर यांच्याविरुद्ध, दवाखान्याच्या अंतर्गत तक्रार समितीकडं. तक्रारीत काय होतं ते इथं सांगत नाही. चौकशीतलं बाहेर बोलायचं नसतं, आणि म्हणूनच इथली नावंही बदललेली आहेत. सोबत काम करणाऱ्या बाईशी जसं वागू नये तसं ते वागले, एवढं पुरे.

सुरुवातीला सर भलतेच गोड झाले. मग एके दुपारी फोन आला. "भार्गवी मॅडम, आज रात्रीला कुणीच नाही हो. याल का? तुम्हीच काय त्या समजूतदार."

मी गेले. आमच्याकडं ड्युटीची अदलाबदल तोंडीच चालते. फोनवर ठरतं, नंतर इन्चार्ज रजिस्टरमध्ये 'विनंतीवरून बदल' असं टाकून देतात, आणि ते कुणी वाचतही नाही. त्याच आठवड्यात पुन्हा फोन आला. पुढच्या आठवड्यातही.

माझा वरद तेव्हा दीड वर्षाचा, अजून अंगावर पिणारा. त्याचे बाबा धवल फौजेत, सीमेवर. मलकापूरच्या घरी मी, वरद आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचे गुडघे दुखतात, तरी रात्रभर पोराला खांद्यावर घेऊन फिरायच्या.

"तिकडं तू लोकांचं रगत काढतीस," त्या म्हणाल्या, "आन् हिकडं तुजं पोरगं माजा पदर चोखतंय. त्येला काय मिळतंय त्यात? जरीचा बी न्हाई."

मी हसले आणि मोरीत जाऊन रडले.

बाकीचं इतकं बारीक होतं की बोलायची लाज वाटावी. चहाला सगळे उठायचे, मला कुणी हाक मारायचं नाही. मी आत आले की गप्पा थांबायच्या. मी मुळात घाबरट; गॅस बंद केलाय का हे दोनदा बघितल्याशिवाय मला झोप येत नाही. त्यामुळं वाटायचं, हेही माझ्याच डोक्यातलं असेल.

मग रक्तपेशी मोजायचं नवं मशीन आलं. मी संध्याकाळी कामावर गेले तर माझ्याबरोबरीचा शंभूराज ते झकास चालवत होता.

"कधी शिकलास रे?"

"काल कंपनीचा माणूस आलेला ना. तुला नाही कळलं? ग्रुपवर टाकलं होतं की."

"कुठल्या ग्रुपवर?"

शंभूराजचा चेहरा पडला. 'लॅब परिवार' नावाचा नवा ग्रुप निघाला होता. त्या परिवारात मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "तुम्हाला मशीन येत नाही ना? मग सध्या सॅम्पल घ्यायला बसा. रात्रीचं बरं पडेल, गर्दी नसते."

मार्चमध्ये मी नोकरीत कायम होणार होते, आणि कामाचा अहवाल लिहिणार होते हेच सर. 'नवं मशीन येत नाही' एवढं एक वाक्य त्यांना पुरलं असतं. धवलच्या पगारात घर चालतं, पण ही नोकरी माझी होती, शिकून मिळवलेली.

मी कॅन्टीनमध्ये संयोगिता सिस्टरांपुढं बसले. "सिस्टर, मला भास होतायत का हो?"

"मला काय माहीत?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तू लॅबवाली ना? उत्तर आधीच माहीत असलेलं कंट्रोल सॅम्पल लावून ताडल्याशिवाय रिपोर्ट सोडतेस का? मग इथं का अंदाजानं बोलतेस? तक्रारीच्या आधी तुला किती रात्री लागायच्या? आता किती लागतात? बाकीच्यांना किती? हे शेजारी-शेजारी मांड. नाही निघालं काही, तर तुझाच जीव हलका होईल."

मग त्यांनी कसं मांडायचं तेही सांगितलं. त्याच दिवशी लिहायचं. काय घडलं, कोण होतं, शब्द कोणते. 'मुद्दाम केलं' असं लिहायचं नाही, ते ठरवणारे दुसरे. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर काही ठेवायचं नाही. पेशंटचं नाव असलेल्या कागदाचा फोटो चुकूनही काढायचा नाही. "आणि ग्रुप दाखव म्हणून त्या शंभूराजचा फोन मागू नकोस. बिचारा तुझ्यापेक्षा भित्रा आहे."

"आधीचं कुठून आणू? मी काहीच लिहिलं नव्हतं."

पण ते होतं, धवलकडं. व्हिडिओ कॉल कधी करायचा हे त्याला कळावं म्हणून मी दर रविवारी लॅबच्या ड्युटी चार्टचा फोटो पाठवायचे, मधेच बदल झाला तर दुरुस्त केलेल्या चार्टचाही. सगळ्यांची नावं, सगळ्यांच्या वेळा. त्यानं सगळे फोटो परत पाठवले आणि वर लिहिलं, "ह्यात मी तुझं नाव शोधायचो. आता बाकीच्यांची पण बघ."

बघितली. आधी सगळ्यांना सारख्याच रात्री होत्या. तक्रारीनंतर बाकीच्यांच्या कमी झाल्या आणि त्या माझ्याकडं आल्या.

ते घेऊन मी ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर फिरवलं. "अहो, पण या सगळ्या तुमच्याच विनंतीवरून आहेत की!"

प्रत्येक रात्रीपुढं तेच लिहिलेलं. मी फोनवर 'बरं' म्हणाले होते, त्याची झाली होती विनंती. मी तशीच सिस्टरांकडं गेले.

"मग यापुढं बरं म्हण," सिस्टर म्हणाल्या, "पण लिहून म्हण."

पुढचा फोन आला. मी "येते" म्हटलं आणि लगेच मेसेज पाठवला: 'सर, आत्ता फोनवर आपण सांगितल्याप्रमाणे आज रात्रपाळीला येत आहे. ही माझी विनंती नाही. माझी नेमलेली ड्युटी सकाळची आहे. बदलाचं कारण कळवावं.'

दोन निळ्या खुणा झाल्या आणि पाठोपाठ फोन वाजला. "एवढं काय लिहायचं त्यात, मॅडम? आपण घरच्यासारखे."

लेखी उत्तर आलंच नाही. आणि रजिस्टरमध्ये सवयीनं पुन्हा तेच पडलं: विनंतीवरून.

चार्ट, मेसेज, प्रशिक्षण हुकल्याची हकीकत, सगळं जोडून मी समितीला लेखी अर्ज दिला. चौकशी संपेपर्यंत माझी ड्युटी आणि माझा अहवाल सरांच्या हातात असू नये, एवढीच मागणी. अध्यक्ष क्षमा मॅडम बराच वेळ माझा मेसेज आणि ऑफिसातून मागवलेलं रजिस्टर आलटून पालटून बघत होत्या. बाहेरच्या सदस्य मयूरीताई सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कागदावर यांनी विनंती केलीय, आणि मेसेजमध्ये त्याच दिवशी 'ही माझी विनंती नाही' म्हणतायत. मग विनंती केली कुणी?"

सरांनी सांगितलं की लिहायची पद्धतच तशी आहे. पण तक्रारीनंतर रजिस्टरमध्ये ती पद्धत फक्त माझ्याच नावापुढं लागलेली होती.

समितीच्या शिफारशीवरून व्यवस्थापनानं माझी ड्युटी आणि अहवाल दुसऱ्या डॉक्टरांकडं दिला. मशीनचं प्रशिक्षण झालं. शिकवायला शंभूराजच बसला, मान खाली घालून. "माझ्या लक्षात यायला हवं होतं गं," म्हणाला. मूळ चौकशी पुढं रीतसर चालली. मार्चमध्ये मी कायम झाले.

ड्युटी बदलल्यावरच्या पहिल्या सकाळपाळीनंतर घरी आले तर आत्या वरदला माझ्या मांडीवर टाकून म्हणाल्या, "घे तुजं बाळ. आता मी लय निजणार हाय, कुनी उठवायचं न्हाई." आणि खरंच भर दुपारी घोरायला लागल्या. त्या घोरण्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. त्यांचे गुडघे, धवलनं जपलेले फोटो, सिस्टरांचं ते कोरडं बोलणं, यातलं एकही नसतं तर मी फेब्रुवारीतच राजीनामा दिला असता. आणि स्वतःहून सोडली, असंच सगळ्यांनी म्हटलं असतं. सिस्टरांना हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "मागं मी तक्रार दिली होती, तेव्हा काय बदललं असं मला कुणी विचारलं नव्हतं." आणि थिएटरकडं वळल्या.

तुमच्या ऑफिसात, शाळेत, बँकेत कुणीतरी अलीकडं तक्रार दिली असेल. आता ती गप्प असेल, आणि तुम्हाला वाटत असेल की मिटलं. आज तिला एक फोन करा. मिटलं का, असं विचारू नका. तक्रारीनंतर तुझं काय काय बदललं, एवढं विचारा, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.